रक्त न येणाऱ्या हिरड्यांचा हिशेब

२००३ साली ब्रिटनमधल्या दंतसंशोधकांनी धूम्रपान सोडायला निघालेल्या २७ जणांच्या हिरड्या तपासल्या. सोडण्याआधी, हिरडीत तपासणीची सळई हलकेच घातल्यावर, सरासरी १६ टक्के जागांमधून रक्त येत होते. चार ते सहा आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा झाली तेव्हा हा आकडा ३२ टक्क्यांवर गेला होता. या काळात त्यांचे दात आधीपेक्षा स्वच्छ झाले होते, दातांवरचा थरही कमी झाला होता. म्हणजे स्वच्छता वाढली आणि रक्तही दुप्पट झाले.

हा आकडा उलटा वाटतो, पण आजार त्या चार-सहा आठवड्यांत आलेला नव्हता. तो आधीपासून होता, धुराने तो दाबून ठेवला होता. धूर थांबला आणि हिरडी पुन्हा आपली खरी अवस्था दाखवू लागली.

गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या पट्ट्यात या एका गोष्टीला फार व्यावहारिक अर्थ आहे. लोहखनिजाच्या खाणीमुळे इथे ट्रकचालक, क्लीनर, यंत्रचालक आणि रोजंदारीवरचे मजूर मोठ्या संख्येने आले आहेत. भोवतालचे जंगल तेंदूपत्त्याचे आहे. उन्हाळ्यात गावेच्या गावे पानतोडीला जातात आणि ७० पानांचा एक पुडा या मापाने पाने बांधतात. बिडी इथे सहज हाताशी असते. दातांचे शिबिर लागले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हिरड्यांतून रक्त येतं का?" बिडी ओढणारा माणूस खरेच सांगतो, "नाही." त्या उत्तरावर त्याला पुढे पाठवले जाते. ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तोच या प्रश्नातून सुटतो.

कोण किती ओढतो

आधी प्रमाण नीट पाहू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात. त्यात धूर न करता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत आणि ओढणारे ३.८ टक्के. काही जण दोन्ही करतात, म्हणून या दोन आकड्यांची बेरीज एकूण आकड्यापेक्षा जास्त भरते. देशभरात ओढणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के आहे. त्यातही बिडी ७.७ टक्के आणि सिगारेट ४ टक्के.

तेव्हा महाराष्ट्राचा, आणि गडचिरोली-चंद्रपूरचाही, मोठा प्रश्न खर्रा आणि इतर चघळायच्या तंबाखूचा आहे. गडचिरोलीत २०१६ पासून चालू असलेले 'मुक्तिपथ' अभियान दारूबरोबर तंबाखूविरुद्धही काम करते, ते याच कारणाने. खर्ऱ्याने तोंड उघडेनासे होते, जिथे गोळी दाबून धरली जाते तिथली हिरडी खाली सरकते, कर्करोगाचा धोका वाढतो. ही हानी डोळ्यांना दिसते. धुराची हिरडीवरची हानी मात्र लपून राहते, म्हणून इथे धुराचा हिशेब वेगळा मांडला आहे. ओढणाऱ्यांचा टक्का राज्यात लहान असला तरी घरापासून दूर, रात्रपाळीत, वाहनाच्या केबिनमध्ये काम करणाऱ्या पुरुषांना तो टक्का लावून पाहणे चुकीचे ठरेल. राज्याची सरासरी म्हणजे खाणीच्या रस्त्याची सरासरी नव्हे.

वेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, हिशेब आणखी अवघड आहे. भारतात २०१९ पासून तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर कायद्याने बंदी आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात तिचा वापर नगण्य होता. बंदीनंतर जो वापर उरला तो चोरून होतो आणि रुग्ण तो दवाखान्यात सांगत नाही. त्यामुळे वेपबद्दलची आपली माहिती मुख्यतः परदेशी अभ्यासांतून येते.

हिरडीत नेमके काय घडते

दातावर जिवाणूंचा थर साचतो तेव्हा निरोगी माणसाची हिरडी सुजते. सुजलेल्या भागात बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि फुगतात, त्यांच्यावरची त्वचा पातळ होते. म्हणून ब्रश लागला की रक्त येते. हे रक्त म्हणजे शरीर जिवाणूंशी झगडत असल्याची खूण.

वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या हिरडीत थर तेवढाच असतो, जिवाणूही असतात, पण सुजेचा प्रतिसाद मंदावतो. बारीक रक्तवाहिन्या तितक्या वाढत नाहीत. हिरडीच्या कडा जाड, फिकट आणि घट्ट दिसतात. पूर्वी याचे कारण फक्त निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात असे दिले जाई. ते स्पष्टीकरण अपुरे आहे. एक झुरका घेतल्यानंतरचे क्षणिक आकसणे आणि वर्षांच्या सवयीने रक्तवाहिन्यांचे जाळेच विरळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रक्त लपवण्यात दुसरीचा वाटा मोठा आहे.

त्याच वेळी आतली लढाईही कमजोर होते. जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. जखम भरणाऱ्या पेशी दाताच्या मुळाला नीट चिकटत नाहीत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो, त्यामुळे भरू पाहणाऱ्या भागाला प्राणवायू कमी पडतो. परिणाम असा की वरून हिरडी शांत, आणि खाली दाताला धरून ठेवणारे हाड झिजत चाललेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातून हे दोन्ही तुकडे एकत्र येतात. त्यातल्या १२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले, की रोजच्या सिगारेटी जितक्या जास्त तितके हिरडीतले रक्त कमी. त्याच सर्वेक्षणाच्या नोंदींवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या विश्लेषणात हिरडीच्या खोलवरच्या आजाराची, म्हणजे पेरिओडॉन्टायटिसची, शक्यता ओढणाऱ्यांत कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाली. दिवसाला ९ किंवा कमी सिगारेटी ओढणाऱ्यांत ती सुमारे २.८ पट होती, तर ३१ किंवा जास्त ओढणाऱ्यांत ५.९ पट. एक आकडा खाली उतरतो आणि दुसरा वर चढतो. धूम्रपान आणि हिरड्या यांची सगळी गोष्ट या दोन उलट्या रेषांत आहे.

या "पट" शब्दाबद्दल एक खबरदारी हवी. हे शक्यतांचे सांख्यिकी गुणोत्तर आहे. चौपट म्हणजे शंभरातले चौपट लोक असा सरळ अर्थ होत नाही. आजार मुळातच सर्रास असेल तेव्हा हे गुणोत्तर प्रत्यक्षातल्या फरकापेक्षा मोठे दिसते. तरीही मात्रा वाढेल तसा धोका वाढतो आणि सोडल्यावर तो उतरतो, या दोन गोष्टींमुळे धूर हे खरे कारण असल्याचा दावा पक्का होतो.

एक तपासणी, आकड्यांनिशी

समजण्यासाठी एक काल्पनिक रुग्ण घेऊ. ४५ वर्षांचा ट्रकचालक, वीस वर्षांपासून रोज १२ बिड्या. तक्रार एकच, खालची डावी दाढ हलते आणि चावताना दुखते. रक्त कधी आलेले नाही.

दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी अलगद घालतो. तोंडात २८ दात असतील तर १६८ जागा होतात. दात आणि हिरडी यांच्यामधली फट १ ते ३ मिलिमीटर असेल तर ती निरोगी समजतात. ४ मिलिमीटर संशयाची, ५ आणि पुढे आजाराची. ही खोल झालेली फट म्हणजे पॉकेट. सळई काढल्यावर अर्ध्या मिनिटात रक्त दिसले का, हेही नोंदवायचे.

समजा या चालकाच्या १६८ पैकी २७ जागांतून रक्त आले. हे १६ टक्के झाले. या एकाच आकड्यावर कोणी म्हणेल, फारसे बिघडलेले नाही. पण ५ मिलिमीटर किंवा अधिक खोलीच्या जागा ४० भरल्या, म्हणजे जवळपास २४ टक्के. खोल जागा रक्ताच्या जागांपेक्षा जास्त, ही विसंगतीच धूम्रपानाची सही आहे. न ओढणाऱ्याच्या तोंडात खोल पॉकेट असेल तर ते सहसा रक्त देते, त्यामुळे तिथे रक्ताच्या जागा खोल जागांहून जास्त असतात. पुढे एक्स-रे काढला आणि मुळाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतचे हाड गेलेले दिसले, तर निदान स्पष्ट होते.

२०१८ मध्ये जगभरासाठी नव्याने ठरलेल्या वर्गवारीत ही गोष्ट धरली आहे. आजार किती वेगाने वाढेल याच्या तीन श्रेणी आहेत. रोज १० पेक्षा कमी सिगारेटी ओढणारा किमान मधल्या श्रेणीत जातो, १० किंवा जास्त ओढणारा सर्वांत वेगवान श्रेणीत. हा १० चा आकडा सिगारेटसाठी ठरवला आहे. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, म्हणून ती सौम्य, असा समज आहे. पण तिच्या धुरातले निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते. तेव्हा १२ बिड्यांना १२ सिगारेटींइतकेच गंभीर धरणे शहाणपणाचे.

रुग्णाला स्वतःला घरी काय दिसू शकते? रक्त सोडून बाकी सगळे. दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात, कारण हिरडी खाली गेलेली असते. पुढच्या दातांत नव्या फटी पडतात. घास एकाच जागी रोज अडकतो. चूळ भरूनही वास राहतो. दात बोटाने हलतो. ओढणाऱ्यांत वरच्या दातांची टाळूकडची बाजू आणि पुढचे दात जास्त बिघडतात, आणि टाळूकडची बाजू आरशात दिसत नाही.

दाढ काढल्यानंतरचे तीन दिवस

दात काढल्यावर त्याच्या खळग्यात रक्त साचून गुठळी होते. ती खालच्या उघड्या हाडाला झाकते आणि तिच्यातूनच नवी ऊती वाढते. पहिल्या आठवड्यात गुठळीची जागा नाजूक नवी ऊती घेते, काही आठवड्यांत वरून हिरडी झाकते, आणि आत हाड भरायला तीन-चार महिने लागतात. गुठळी आधीच विरघळली किंवा निघाली तर हाड उघडे पडते. याला ड्राय सॉकेट म्हणतात.

२०२२ च्या एका आढाव्यात वेगवेगळे अभ्यास एकत्र केल्यावर हे प्रमाण ओढणाऱ्यांत सुमारे १३.२ टक्के आणि न ओढणाऱ्यांत ३.८ टक्के निघाले. शंभर-शंभर जणांच्या भाषेत सांगायचे तर एका गटात चार आणि दुसऱ्यात तेरा. हा सगळा फरक धुरामुळे आहे असे धरले, तर साधारण अकरा ओढणाऱ्यांनी दात काढण्याच्या काळात धूर टाळल्यास एक ड्राय सॉकेट वाचते. दातांच्या दवाखान्यातल्या दुसऱ्या कोणत्याही साध्या सूचनेचा इतका मोठा मोबदला क्वचितच मिळतो.

कधी ओढले यालाही महत्त्व आहे. १९७९ च्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेने काढलेल्या ४०० खालच्या अक्कलदाढांचा हिशेब आहे. न ओढणाऱ्यांत ड्राय सॉकेट २.६ टक्के, दिवसाला अर्धे पाकीट ओढणाऱ्यांत १२ टक्के, पूर्ण पाकीट ओढणाऱ्यांत २० टक्क्यांहून अधिक, आणि शस्त्रक्रियेच्याच दिवशी ओढणाऱ्यांत सुमारे ४० टक्के. अभ्यास जुना आहे, आणि खालची अक्कलदाढ मुळातच जास्त धोक्याची; साध्या पुढच्या दाताला हे आकडे लावता येणार नाहीत. पण पायऱ्या मात्र स्पष्ट आहेत, आणि शेवटची पायरी सर्वांत उंच आहे.

कारणे एकाहून अधिक आहेत. झुरक्याच्या ओढीने तोंडात पोकळी तयार होते आणि गुठळी हलते. बिडी इथे सिगारेटहून वाईट ठरते, कारण ती लवकर विझते आणि पेटती ठेवायला सारखे ओढावे लागते. दुसरे, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे खळग्यात नवी ऊती यायला उशीर होतो. तिसरे, उष्ण धूर आणि त्यातली रसायने थेट उघड्या जखमेवर पडतात. वेपमध्ये जळणे नसते, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा भाग बराच कमी होतो. पण ओढ तीच, निकोटिन तेच, आणि वाफेतले द्रव जखमेवर येतातच. दात काढल्यावर वेप चालेल या समजाला आधार नाही. वेप आणि ड्राय सॉकेट यांच्यावर सिगारेटइतके मोठे आकडे अजून जमलेले नाहीत, म्हणून इथे टक्केवारी न देता यंत्रणेवरच बोट ठेवावे लागते.

हिरडीच्या बाबतीत वेपची एक छोटी नोंद मात्र उपयोगाची आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये २० जुन्या धूम्रपानींनी दोन आठवडे सिगारेटऐवजी वेप वापरली, आणि त्यांच्या हिरड्यांतले रक्त वाढले. वेपने हिरडी बिघडली, की सिगारेट थांबल्यामुळे झाकलेला आजार उघडा पडला, हे इतक्या लहान आणि तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासावरून ठरत नाही. सुरुवातीच्या १६ आणि ३२ च्या आकड्यांजवळ ठेवले तर दुसरी शक्यता ठळक होते. त्यातून वेपला चांगले किंवा वाईट प्रमाणपत्र काढता येत नाही.

आता पुन्हा आपल्या चालकाकडे येऊ. दाढ सोमवारी काढली. त्याने कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. पहिले २४ तास थुंकायचे नाही, जोरात चूळ भरायची नाही, नळीने काही प्यायचे नाही. २४ तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याची चूळ, पाणी तोंडात हलकेच फिरवून ओघळू द्यायचे. बिडी किमान ७२ तास बंद. दोन आठवडे बंद ठेवली तर जास्त चांगले. खर्राही तेवढेच दिवस बंद, कारण सुपारीचे कण खळग्यात अडकतात आणि सतत थुंकण्याने गुठळी निघते. दुखऱ्या जागी तंबाखू दाबून ठेवणे तर मुळीच नको.

सामान्यतः वेदना रोज थोडी थोडी कमी होते. ड्राय सॉकेटचा वेळ मात्र वेगळा असतो. सोमवार-मंगळवार बरे जातात आणि बुधवार ते शुक्रवारच्या दरम्यान वेदना एकदम वाढते, कानाकडे जाते, गोळीने थांबत नाही. खळगा रिकामा किंवा करडा दिसतो, तोंडाला घाण वास येतो. पू किंवा मोठा ताप सहसा नसतो. म्हणूनच यावर नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्या लागू पडत नाहीत. दंतवैद्य खळगा सलाइनने हलकेच धुतो, आत वेदनाशामक औषधाची पट्टी ठेवतो आणि ती दर दोन-तीन दिवसांनी बदलतो. सात ते दहा दिवसांत त्रास उतरतो. याउलट ताप, वाढत जाणारी सूज, पू, तोंड न उघडणे किंवा गिळताना त्रास असेल तर तो जंतुसंसर्ग आहे. त्यात एक रात्रही थांबू नये.

सूरजागडकडून पाहिले तर या सात-दहा दिवसांची किंमत वेगळी आहे. जिल्ह्याचे ठिकाण एटापल्लीहून शंभर किलोमीटरपेक्षा दूर, आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय अडीचशेहून अधिक. पट्टी बदलायला दोन-तीन फेऱ्या म्हणजे दोन-तीन रोज बुडाले. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला तर ती फेरीही होत नाही. शहरात ड्राय सॉकेट हा आठवड्याचा त्रास असतो. इथे तो महिन्याच्या मिळकतीत दिसतो. त्यामुळे पहिल्या ७२ तासांची सूचना शहरापेक्षा इथे जास्त ठामपणे द्यायला हवी, आणि ती दाढ काढण्याच्या दिवशी देऊन उपयोग नाही. तारीख देतानाच सांगावी.

इम्प्लांट: दुप्पट म्हणजे किती

गेलेल्या दाढेच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. हाड त्याला घट्ट धरते, आणि याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. धुराचा फटका मुख्यतः या काळात बसतो, आणि पुढे स्क्रूभोवतीचे हाड झिजण्यातही.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या पाहणीत ५४० रुग्णांचे २,१९४ इम्प्लांट तपासले गेले. ओढणाऱ्यांतले ११.२८ टक्के निकामी झाले, न ओढणाऱ्यांतले ४.७६ टक्के. वरच्या जबड्यात फरक जास्त होता, कारण तिथले हाड मऊ असते. तेव्हापासून इम्प्लांटचा पृष्ठभाग सुधारला, अपयश कमी झाले. पण दोन गटांतले अंतर टिकले. २०१५ मध्ये १०७ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ओढणाऱ्यांचे १९,८३६ पैकी १,२५९ इम्प्लांट निकामी झाले, म्हणजे ६.३५ टक्के. न ओढणाऱ्यांचे ६०,४६४ पैकी १,९२३, म्हणजे ३.१८ टक्के.

या आकड्यांतून दोन्ही बाजूंची माहिती घ्यावी. ओढणाऱ्याचेही शंभरातले ९३ ते ९४ इम्प्लांट टिकतात, म्हणून "ओढतोस तर बसवूच नको" असे सरसकट म्हणता येत नाही. पण एका तोंडात चार इम्प्लांट बसवायचे असतील, तर त्यांतला किमान एक निकामी होण्याची शक्यता न ओढणाऱ्यात सुमारे १२ टक्के आणि ओढणाऱ्यात सुमारे २३ टक्के येते. हा हिशेब प्रत्येक इम्प्लांट स्वतंत्र धरून केला आहे. प्रत्यक्षात अपयश काही थोड्या रुग्णांतच एकवटते, त्यामुळे ज्याचा एक गेला त्याचा दुसराही जाण्याची भीती जास्त असते. ज्याला आधी हिरडीचा खोल आजार होता आणि जो अजून ओढतो, तो याच थोड्यांतला असतो. आपला चालक त्यांतलाच आहे. त्याच्या पॉकेटवर उपचार न करता आणि बिडी न थांबवता तिथे स्क्रू बसवणे म्हणजे त्याचे पैसे पणाला लावणे.

काही दिवस थांबल्याने फरक पडतो का? १९९६ च्या एका पाठपुराव्यात रुग्णांना इम्प्लांटच्या आधी एक आठवडा आणि नंतर आठ आठवडे धूम्रपान थांबवायला सांगितले होते. ७८ रुग्णांच्या २२३ इम्प्लांटमध्ये सुरुवातीच्या काळातले अपयश न ओढणाऱ्यांत ५.६८ टक्के, सूचना पाळून थांबणाऱ्यांत ११.७६ टक्के आणि ओढतच राहणाऱ्यांत ३८.४६ टक्के होते. गट लहान होते, आणि जो सूचना पाळतो तो दातही नीट घासत असण्याची शक्यता असते. म्हणून ३८ हा आकडा जसाच्या तसा धरू नये. तीन गटांचा क्रम मात्र धरण्यासारखा आहे. एक आठवडा आधी आणि आठ आठवडे नंतर हा कालावधी आजही अनेक दंतवैद्य सांगतात, तो इथून आला.

सोडल्यावरचे घड्याळ

सोडल्याचा फायदा किती लवकर दिसतो याचे आकडे उत्साह देणारे आहेत. २००४ च्या एका जपानी अभ्यासात ओढणे थांबवल्यावर तिसऱ्या दिवसापासूनच हिरडीतला रक्तप्रवाह वाढलेला मोजला गेला. चार ते सहा आठवड्यांत सळई लावल्यावर येणारे रक्त वाढते, हे सुरुवातीला पाहिले. मोठ्या आजाराचा धोका मात्र सावकाश उतरतो. अमेरिकेच्या त्याच २००० सालच्या विश्लेषणात सोडून दोन वर्षे झालेल्यांत तो कधीच न ओढणाऱ्यांच्या ३.२ पट होता, आणि अकरा किंवा जास्त वर्षे झालेल्यांत १.१५ पट, म्हणजे जवळजवळ सारखाच. गेलेले हाड बहुतेक वेळा परत येत नाही. पुढचे जाणे थांबते.

या घड्याळात एक धोक्याचे वळण आहे, ते दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याचे. माणूस मोठ्या निश्चयाने बिडी सोडतो. पंधरा दिवसांनी दात घासताना पहिल्यांदा लाल थुंकी दिसते. घरचे, शेजारचे, कधी तो स्वतःही म्हणतो, "बिडी होती तोवर हिरड्या चांगल्या होत्या." आणि तो परत ओढू लागतो. रक्त पुन्हा थांबते, त्यामुळे त्याची खात्रीच पटते. सोडण्याचा सल्ला देणाऱ्याने हे आधीच सांगितले नसेल, तर बरे होण्याचीच खूण सवयीकडे परत नेते. म्हणून सोडणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे की रक्त येईल, ते आल्यावर ब्रश थांबवायचा नाही आणि त्याच महिन्यात दात साफ करून घ्यायचे. स्केलिंग आणि मुळांची सफाई झाल्यावर हे रक्त काही आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही टिकले, किंवा घासल्याविना आपोआप येऊ लागले, तर तपासणी पुन्हा करावी. मधुमेह आणि रक्ताचे आजारही तपासावेत.

दात काढण्यापुरते थांबणाऱ्याला तलफ सहन होत नसेल तर निकोटिनची पट्टी त्वचेवर लावता येते. ती झुरक्याची ओढ आणि धूर दोन्ही टाळते, पण हृदयरोग असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच. निकोटिनचे चघळायचे गम ताज्या खळग्याच्या तोंडात पहिले काही दिवस नको. सोडायला फोनवरून मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक १८००-११२-३५६ आहे.

शिबिराच्या कागदावर काय असावे

या सगळ्या आकड्यांतून सूरजागडसारख्या ठिकाणच्या शिबिरासाठी बदल तसे थोडेच निघतात. "रक्त येतं का?" या प्रश्नाआधी "काय ओढता, दिवसाला किती, किती वर्षांपासून?" हे विचारावे, आणि त्यात बिडी, सिगारेट, वेप, खर्रा यांचे वेगळे रकाने ठेवावेत. वेपचा प्रश्न दुसऱ्यांसमोर विचारू नये, नाहीतर बंदीमुळे उत्तर नेहमी "नाही" येईल. दिवसाला दहा किंवा जास्त ओढणाऱ्या प्रत्येकाची पॉकेटची खोली मोजावी, त्याला रक्ताची तक्रार असो वा नसो. संपूर्ण १६८ जागा मोजायला वेळ नसेल तर चारही बाजूंच्या पहिल्या मोठ्या दाढा आणि पुढचे दात, टाळूच्या बाजूसकट, मोजावेत. हे काम एका माणसामागे काही मिनिटांचे आहे आणि त्याला वीजही लागत नाही. आणि दाढ काढायची तारीख लिहिताना तिच्याखाली दुसरी तारीख लिहावी, ज्या दिवसापर्यंत एकही बिडी ओढायची नाही. कागदावरची ही दुसरी तारीख पाळली गेली, तर शंभरातल्या तेराचा आकडा चारच्या जवळ आणता येतो.